न हुंगता परफ्यूम मागवताना: नोट्स, रिव्ह्यू आणि टिकाऊपणा कोणत्या क्रमाने वाचायचा

ऑनलाइन परफ्यूम मागवून पस्तावलेल्या बहुतेकांचा क्रम सारखाच असतो. आधी ‘किती तास टिकतो’ ते बघायचं, मग स्टार किती ते, आणि नोट्सच्या यादीत चंदन, केशर अशी दोन ओळखीची नावं दिसली की ऑर्डर. क्रम नेमका उलटा हवा. आधी स्वतःचं नाक, मग नोट्स, मग रिव्ह्यू आणि टिकाऊपणा सगळ्यात शेवटी. न आवडलेला वास बारा तास टिकला तर ती शिक्षाच असते.

खालच्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. माझा मावसभाऊ रोज दुचाकीवरून कोथरूडहून हिंजवडीला जातो आणि दिवसभर एसीत बसतो. त्याला ऑफिससाठी ‘वाळ्यासारखा’ परफ्यूम हवा होता. बजेट सहा-सात हजारांचं. एका यादीत व्हेटिव्हर, म्हणजे वाळा, हे नाव दिसल्यावर तो शंभर मिलीची बाटली घ्यायला निघाला होता.

## पायरी १: आधी स्वतःच्या नाकाची यादी करा

कोणतीही साइट उघडण्यापूर्वी कागदावर दोन रकाने पाडा. पहिल्यात तुम्ही खरोखर संपवलेल्या बाटल्या लिहा, मग त्यात परफ्यूम, डिओ, आफ्टरशेव्ह काहीही चालेल. ‘आवडतात’ आणि ‘संपवले’ यात फरक आहे. कपाटात शोभेला असलेली महागडी बाटली पहिल्या रकान्यात जात नाही. दुसऱ्या रकान्यात दोन-तीनदा लावून बाजूला ठेवलेल्या बाटल्या लिहा आणि शेजारी त्रास काय झाला तेही. डोकं दुखलं, फार गोड वाटला, घामात मिसळून आंबट झाला, जे असेल ते.

आता यातलं प्रत्येक नाव फ्रॅग्रँटिका किंवा पारफ्युमो या परफ्यूमची माहिती आणि लोकांची मतं देणाऱ्या साइटवर शोधा. तिथली सगळी यादी उतरवू नका. फक्त तळाच्या, म्हणजे शेवटपर्यंत रेंगाळणाऱ्या नोट्स आणि वरचे दोन-तीन मुख्य अकॉर्ड, म्हणजे एकूण वासाचे ठळक गुण, लिहा. पहिल्या रकान्यात वारंवार येणारी गोष्ट ही तुमची आवड. दुसऱ्या रकान्यात वारंवार येणारी गोष्ट ही पुढच्या खरेदीतली नकारसूची, आणि दोन्हींत जास्त कामाची हीच.

मावसभावाच्या पहिल्या रकान्यात लिंबूवर्गीय आणि कोरड्या लाकडी वासाच्या बाटल्या निघाल्या. दुसऱ्यात लग्नात भेट आलेला व्हॅनिला-टोंका घातलेला गोड परफ्यूम आणि धुरकट वासाची एक बाटली. पुढे ही धुरकट बाटलीच महत्त्वाची ठरली.

तपासा: ‘फ्रेश’ हा शब्द न वापरता तुम्हाला काय हवंय ते एका ओळीत सांगता येतंय का? कोरडा की ओलसर, गोड की कडवट, उजळ की गडद, एवढं ठरलं तरी पुरे. ते ठरत नसेल तर खरेदी पुढे ढकला.

## पायरी २: नोट्सची यादी खालून वर वाचा

नोट्सची यादी बहुधा कंपनीच देते आणि ती जाहिरातीचा भाग असते. कशाचं प्रमाण किती, हे त्यात नसतं. शिवाय त्यातली बरीच नावं बाटलीतल्या पदार्थांची नसतात, भास करून देणाऱ्या मिश्रणांची असतात. ‘अंबर’ नावाचा एकच पदार्थ नसतो. लॅबडॅनम, बेन्झॉइन, व्हॅनिला अशांची ती जुळणी असते. ‘लेदर’ही मिश्रणच. लिली ऑफ द व्हॅली या फुलाचा वापरण्याजोगा अर्क निघत नाही, तो वास प्रयोगशाळेतच उभा करतात. पाश्चात्त्य परफ्यूममधला ‘ऊद’ही बऱ्याचदा बांधून काढलेलाच असतो. उलट सुगंधाचा मोठा भाग बऱ्याचदा ज्यांचा असतो ते अँब्रॉक्सन आणि आयसो ई सुपर हे प्रयोगशाळेतले रेणू किंवा कृत्रिम मस्क यादीत ‘अंबर’, ‘वुड्स’, ‘मस्क’ अशा गोंडस नावांखाली लपतात.

खालून वर वाचायचं ते वेळेच्या हिशेबामुळे. टॉप नोट्स, म्हणजे संत्रं, लिंबू, बर्गमॉट, हे हलके रेणू पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात उडून जातात, आणि पुण्याच्या एप्रिलात त्याही आधी. मधल्या नोट्स काही तास राहतात. त्यानंतर दिवसभर तुमच्या सोबत असतो तो तळ. तरीही यादी वाचणारा वरच्या ओळीवर भाळतो, कारण ती सगळ्यात आधी दिसते.

त्यापुढची चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे एकच नाव पकडून बसणं. वाळा असलेले तीन प्रसिद्ध परफ्यूम घेऊ.

पहिला टेर द’हर्मेस, २००६ साली जाँ-क्लोद एलेना यांनी केलेला. यादीत संत्रं, ग्रेपफ्रूट, मिरी, गारगोटी, जिरॅनियम, पॅचुली, देवदार, वाळा आणि बेन्झॉइन. इथला वाळा कोरडा असतो. आधी संत्र्याची साल, मग उन्हात तापलेल्या दगडासारखा खनिज वास आणि त्याखाली लाकूड.

दुसरा लालीकचा आंक्र न्वार, तोही २००६ चाच, नताली लॉर्सन यांचा. यादी अगदी छोटी: सायप्रस, वाळा, कॅश्मिरन, मस्क. इथे तोच वाळा गडद, दमट आणि शाईसारखा होतो. ऊन न पोचणाऱ्या झाडीतली माती समजा.

तिसरा गेरलँचा व्हेटिव्हर. लिंबूवर्गीय सुरुवात, जायफळ, तंबाखू. हा इस्त्रीच्या शर्टाचा, नुकत्याच केलेल्या दाढीचा वाळा.

यादीत तिघांच्याही वाळा आहे, पण यातला एकही माठातल्या वाळ्याच्या जुडीसारखा नाही. आपल्या डोक्यातल्या वाळ्यात गार पाणी आणि माठाची माती दोन्ही मिसळलेलं असतं, आणि सरबतातल्या वाळ्यात तर साखर आणि हिरवा रंगही. परफ्यूमसाठी जगात मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं तेल हैतीच्या वाळ्याचं असतं. ते स्वच्छ आणि किंचित ग्रेपफ्रूटकडे झुकणारं असतं. जावाचं तेल धुरकट असतं. आपला देशी ‘रूह खस’ या दोघांपेक्षा हिरवट आणि जड. ज्याला हुबेहूब माठातला वास हवाय त्याने फ्रेंच बाटल्यांच्या मागे लागूच नये. अत्तराच्या दुकानात जाऊन खस मनगटावर लावून बघावं. न हुंगता घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

मावसभावाला मात्र शर्टावर मारता येईल असा स्प्रेच हवा होता. मग करायचं काय, तर नोटचे शेजारी बघायचे. वाळ्याशेजारी संत्रं आणि मिरी असेल तर वास कोरडा आणि उजळ निघतो. सायप्रस, धूप, कॅश्मिरन असेल तर गडद. टोंका किंवा व्हॅनिला असेल तर भाजलेल्या दाण्यांसारखा गोडसर. हा नियम वाळ्यापुरता नाही. मोगऱ्याचंही तसंच: शेजारी संत्र्याची फुलं असतील तर तो धुतलेला, हलका लागतो, आणि शेजारी निशिगंध असेल तर संध्याकाळच्या मांडवातला.

इशारा: यादीत पंधरा-वीस नोट्स असतील तर ती यादी सोडून द्या. लोकांच्या मतांवरून तयार झालेल्या मुख्य अकॉर्डच्या पट्ट्या बघा आणि त्यातल्या पहिल्या तीनच धरा. कंपनी जे लिहिते त्यापेक्षा अनेक नाकांनी जे ओळखलं ते खरं धरलेलं बरं.

## पायरी ३: रिव्ह्यू मधूनच वाचायला घ्या

सुरुवात तीन स्टारवाल्यांपासून करा. पाच स्टारवाला प्रेमात असतो, एक स्टारवाल्याचं भांडण बऱ्याचदा कुरिअरशी असतं. तीन स्टारवाला बहुधा सांगतो की अमुक आवडलं पण तमुक खटकलं, आणि तुम्हाला तेच हवं असतं.

पहिली चाळणी तारखेची. गेल्या दोन-तीन वर्षांतले रिव्ह्यू आधी वाचा, कारण बाटली तीच राहिली तरी आतला फॉर्म्युला बदलत असतो. उदाहरणार्थ, लिलिअल हे फुलांच्या वासासाठी सर्रास वापरलं जाणारं रसायन युरोपीय संघात मार्च २०२२ पासून बंद झालं. ते असलेल्या परफ्यूमना सूत्र बदलावं लागलं. २०१४ सालच्या कौतुकावर आजची बाटली घेणं म्हणूनच धोक्याचं.

दुसरी चाळणी शब्दांची. ‘कॉम्प्लिमेंट्स मिळाल्या’, ‘क्लासी’, ‘बीस्ट’ हे शब्द वाचून काहीच कळत नाही. दोन तासांनी वास कसा झाला, हे ज्याने लिहिलंय तो रिव्ह्यू ठेवा. मग एकमेकांशी संबंध नसलेले लोक कोणता शब्द पुन्हा पुन्हा वापरतात ते मोजा. एकाला शाम्पूसारखा वाटला तर ते त्याचं मत. दहा जणांना शाम्पू आठवला तर बाटलीत शाम्पू आहेच, असं समजून चाला.

तक्रारीचा अर्थही लावावा लागतो. ‘म्हाताऱ्यांचा वास’ असं कोणी लिहिलं तर बऱ्याचदा गोडवा कमी, आणि लाकूड, मॉस किंवा पावडर जास्त. ज्याला गोड नको त्याच्यासाठी ही तक्रार म्हणजे शिफारसच. ‘नाकाला टोचतो’ म्हणजे बहुधा कृत्रिम लाकडी अंबर जास्त. अशा वासाने तुमचं डोकं आधी दुखलं असेल तर तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट थोडी कष्टाची, पण सगळ्यात भरवशाची. तुम्ही संपवलेल्या बाटलीच्या पानावर जा आणि तुमच्यासारखंच वर्णन करणारा माणूस शोधा. मग त्याने इतर परफ्यूमवर काय लिहिलंय ते वाचा. ज्याचं आणि तुमचं तीन ठिकाणी पटलं त्याचं एक वाक्य शंभर स्टारपेक्षा जास्त सांगतं.

व्हिडिओवाल्यांबद्दल एवढंच की खाली डिस्काउंट कोड दिसला तर फक्त वासाचं वर्णन ऐका, निकाल नको. आणि महागड्या परफ्यूमच्या स्वस्त नकलांना ‘९५ टक्के सारखा’ म्हणतात तेव्हा ते टक्के कोणत्या वेळचे, हे विचारायला हवं. क्रीड अव्हेंटसची ओळख सांगणारा अरमाफचा क्लब द नुई इन्टेन्स मॅन घ्या. त्याची सुरुवातीची लिंबाची धार अनेकांना बोचते, आणि साम्य जाणवतं ते ती ओसरल्यावर. साम्य सुरुवातीचं की नंतरचं, हे रिव्ह्यूत सापडेपर्यंत तो आकडा धरू नका.

आमच्या उदाहरणात आंक्र न्वारबद्दल पुन्हा पुन्हा आलेले शब्द होते ओली माती, उदास, शाई, दमट जंगल. टेर द’हर्मेसबद्दल संत्र्याची साल, दगड, ‘वयस्कर’. ‘ओली माती’ वाचून भाऊ खूश झाला, पण त्याच्या नकारसूचीत गडद धुरकट बाटली होती. म्हणजे कागदावर आंक्र न्वार त्याच्या मागणीशी जुळत होता आणि सवयीशी मात्र टेर द’हर्मेस. असा पेच पडला की सवयीच्या बाजूने कौल द्या. मागणी आठवणीतून आलेली असते. सवय म्हणजे रोज सकाळी हात कुठे जातो ते.

## पायरी ४: टिकाऊपणाचे आकडे पुण्याच्या हवेत उतरवा

फ्रॅग्रँटिकावर टिकाऊपणाची मतं पाच पातळ्यांत असतात, अगदी कमीपासून अनंतापर्यंत. सरासरी बघू नका, मतं कशी पसरलीत ते बघा. मधल्या एका पातळीवर ढीग असेल तर आकडा बऱ्यापैकी भरवशाचा. निम्मे लोक ‘फार कमी’ म्हणतात आणि निम्मे ‘अनंत’, असं दिसलं तर बहुधा त्यात असा एखादा रेणू भरपूर आहे जो काहींच्या नाकाला कळतच नाही. काही मस्क, अँब्रॉक्सन आणि आयसो ई सुपर यांबाबत हे नेहमी होतं. अशा परफ्यूमला ‘तासाभरात गायब’ म्हणणाऱ्याचा वास शेजारच्या खुर्चीवरच्याला संध्याकाळपर्यंत येत असतो.

तुलना त्याच जातीत करा. लिंबूवर्गीय कोलोन दोन-तीन तास टिकलं तर ते उत्तम. तेवढेच तास व्हॅनिला-अंबरचा परफ्यूम टिकला तर काहीतरी गडबड आहे. ज्याला लिंबाचा ताजेपणा हवाय आणि बारा तासही हवेत, त्याने खिशात छोटी बाटली ठेवावी. निसर्गाशी वाद घालून उपयोग नाही. ‘ओ द परफ्यूम’मध्ये सुगंधाचं प्रमाण जास्त, म्हणून तो ‘ओ द त्वालेत’पेक्षा जास्त टिकणारच, हेही गृहीत धरू नका. एकाच नावाच्या या दोन बाटल्यांचा वासच अनेकदा वेगळा असतो.

आता हवा. बरेच रिव्ह्यू थंड देशांत, कोटाच्या आत लावून लिहिलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. उष्णतेत रेणू भराभर उडतात. त्यामुळे वास सुरुवातीला जास्त पसरतो आणि लवकर संपतो, आणि गोड वास अक्षरशः अंगावर येतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत जड वास रेंगाळतात. डिसेंबरच्या सकाळी तीच बाटली अर्धी मुकी वाटते. त्यातून दुचाकीवर तासभर वारं लागलं की वरच्या नोट्स चांदणी चौकातच राहतात. ऑफिसात पोचतो तो तळ. म्हणून पायरी दोनमध्ये तळ आधी वाचायला सांगितला.

तपासा: रिव्ह्यूतले तास त्वचेवरचे की कपड्यावरचे? सुती शर्टावर वास दुसऱ्या दिवशीही राहू शकतो. ‘चोवीस तास टिकला’ असं लिहिणारे बहुधा शर्टच हुंगत असतात. किती स्प्रे मारले हेही बघा. दहा स्प्रे मारून काढलेले दहा तास तुमच्या तीन स्प्रेना लागू होत नाहीत.

## पायरी ५: बाटलीआधी डिकँट

डिकँट म्हणजे मूळ बाटलीतून छोट्या स्प्रेत काढून दिलेले पाच-दहा मिली. मिलीमागे ते महाग पडतं, आणि लोक तिथेच अडतात. पण हिशेब करा. एका स्प्रेत साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे पाच मिलीत सुमारे पन्नास स्प्रे. रोज चार मारले तर बारा दिवस. शंभर मिलीच्या बाटलीत हजार स्प्रे, म्हणजे रोज लावून अडीचशे दिवस. तीन-चार परफ्यूम आलटून पालटून वापरणाऱ्याला एक बाटली काही वर्षं पुरते. समजा सात हजारांची बाटली आहे आणि डिकँट पाच-सहाशेचं. बाटली नकोशी झाली तर पडणाऱ्या फटक्यापुढे ते पाचशे काहीच नाहीत.

डिकँट आलं की एकाच दिवशी निकाल लावू नका. एकदा सुट्टीच्या दिवशी घरी लावा, एकदा ऑफिसला जाताना आणि एकदा संध्याकाळी बाहेर पडताना. मनगट सतत हुंगू नका, नाक त्या वासाला सरावतं आणि ‘उडाला’ असं वाटतं. त्यापेक्षा बाहेर चक्कर मारून परत या, किंवा घरातल्या कोणाला तरी विचारा. आमच्याकडे हे काम मावशीने केलं. ‘संत्री सोललीस का?’ असं तिने सकाळी विचारलं आणि रात्री ‘तो लाकडाचा वास बरा आहे’ म्हणाली. आंक्र न्वार लावून तो आल्यावर तिने आधी खिडक्या उघडल्या. त्याला स्वतःलाही ऑफिसात तो जड झाला. मावशीचा निकाल आणि पायरी एकचा कागद जुळले, आणि त्याने टेर द’हर्मेसची पन्नास मिलीची बाटली घेतली. शंभरची नाही.

डिकँट विकणाराही तपासावा लागतो. तो मूळ बाटलीचा बॅच कोड, म्हणजे ती कोणत्या खेपेत बनली ते सांगणारा छापील क्रमांक, दाखवतो का, स्प्रे काचेचा आहे का, हे विचारा.

## पायरी ६: विक्रेता, डबा आणि पहिले दोन दिवस

मोठ्या साइटवर विकणारा बहुधा तिसराच कोणी असतो. साइटचं नाव बघून भरवसा ठेवू नका, विक्रेत्याचं नाव आणि पत्ता बघा. ते दाखवणं साइटवर कायद्याने बंधनकारक आहे. आयात केलेल्या परफ्यूमच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असलेलं लेबल हवं. ते नसेल तर माल अधिकृत वाटेने आलेला नाही. तो बनावट असेलच असं नाही, पण तक्रार करायला तुमच्यासमोर कोणी उरत नाही.

डबा आल्यावर हा क्रम पाळा:

1. प्लास्टिकचं वेष्टण फाडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. सील तोडलेला परफ्यूम परत घ्यायला बरेच विक्रेते नकार देतात, त्यामुळे जे काही दाखवायचं ते इथेच दिसलं पाहिजे.
2. डब्याच्या तळाचा बॅच कोड आणि बाटलीच्या तळाचा कोड एकच आहे का बघा. जुळले नाहीत तर स्प्रे न मारता परत करा. जुळले म्हणजे माल खरा, असं मात्र नाही. नकली माल करणाराही कोड छापू शकतो.
3. टोपी बसते कशी, स्प्रेची नळी सरळ आहे का, द्रवात गाळ आहे का, हे उजेडात बघा.
4. परफ्यूम ज्वलनशील असल्याने तो बऱ्याचदा रस्त्याने येतो आणि मेमध्ये तापलेल्या टेंपोत पडून असतो. आल्या आल्या मत बनवू नका. एक-दोन दिवस कपाटात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. बाथरूममधली फळी ही सगळ्यात वाईट जागा.

काही जण सांगतात की बाटली महिनाभर ठेवली की वास ‘मुरतो’ आणि दुप्पट टिकतो. मला तर वाटतं, बऱ्याच वेळा नाकालाच त्याची ओळख पटलेली असते. परताव्याची मुदत संपेपर्यंत वाट बघायला लावणाऱ्या विक्रेत्याकडून हा सल्ला आला तर तो अजिबात ऐकू नका.

माल सदोष किंवा बनावट निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. व्हिडिओ, बिल आणि लेबलचा फोटो जवळ ठेवा. माल अस्सल आहे पण तुम्हाला आवडला नाही, एवढंच असेल तर तो एका हंगामात काढून टाकू नका. एप्रिलमध्ये अंगावर येणारा गोड परफ्यूम डिसेंबरच्या रात्री चालून जातो. तेव्हाही नकोसाच वाटला तर परफ्यूमवेड्यांच्या गटांत अर्धवट वापरलेल्या बाटल्या विकल्या जातात. किती मिली उरलंय ते बाटली उजेडासमोर धरून काढलेल्या फोटोत दाखवा, डबा आणि टोपी सोबत द्या, आणि बॅच कोड स्वतःहून लिहा.